पाणथरी थकलेल्या मुलीची लस

नागपूरची थंडी फार दिवस टिकत नाही, पण सिकलसेलच्या ओपीडीत ती लगेच कळते. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात, विळ्याच्या आकाराच्या पेशी त्यात अडकतात, आणि भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडची माणसं दुखणी घेऊन पहाटेच येऊन बसतात. मी सूक्ष्मजीवशास्त्राची, माझं टेबल प्रयोगशाळेत. तरी या दिवसांत मी अधूनमधून तिथे जाऊन बसते, कारण आम्ही नळीत जे पाहतो त्याचे प्रश्न तिथे माणसांच्या तोंडून येतात. असाच एक प्रश्न एका आजीने विचारला. मांडीवर दीड वर्षाची नात, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं लसीकरणाचं कार्ड. "मॅडम, इच्या तं साऱ्या सुया टोचून झाल्या. कार्ड भरलं पुरं. मंग हे पेनिसिलीनची गोळी रोज काहून द्याची? आन् ताप आला का रातोरात दवाखान्यात काहून पळाचं?"

प्रश्न अगदी रास्त होता. लस म्हणजे शरीराला दिलेली आठवण, असं आपण सगळेच सांगत असतो. आठवण पक्की असेल तर गोळी कशाला? याचं खरं उत्तर पाणथरीत आहे, रक्तातल्या कॉम्प्लिमेंट नावाच्या प्रथिनांत आहे, आणि सगळ्यात जास्त वेळेच्या हिशोबात आहे.

आधी जंतू. न्यूमोकोकस हा नाकाघशात मुकाट राहणारा जीवाणू. बहुतेक लहान मुलांच्या नाकात तो कधी ना कधी येऊन जातो. फुफ्फुसांत उतरला तर मात्र न्यूमोनिया, रक्तात शिरला तर मेंदुज्वर किंवा सेप्सिस. त्याचं हत्यार म्हणजे अंगावरचं शर्करेचं जाड वेष्टन, आम्ही त्याला कॅप्सूल म्हणतो. शर्करेच्या रचनेवरून त्याचे नव्वदहून अधिक प्रकार पडतात, आणि एका प्रकाराविरुद्धची प्रतिपिंडं दुसऱ्याला बहुधा ओळखत नाहीत.

आता कॉम्प्लिमेंट. १८९५ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ज्यूल बोर्डे यांनी रोगप्रतिबंधित प्राण्यांचा सीरम घेतला. तो जीवाणूंना मारत होता. सुमारे ५६ अंश सेल्सिअसला तापवला की त्याची ही ताकद जायची. मग त्यात त्यांनी ज्याला कधीच तो आजार झाला नव्हता अशा प्राण्याचा थोडा ताजा सीरम मिसळला, आणि ताकद परत आली. म्हणजे दोन गोष्टी होत्या. एक उष्णतेला टिकणारी, ठरावीक जंतूलाच ओळखणारी: प्रतिपिंडं. दुसरी उष्णतेने मरणारी, कुणालाही विशेष न ओळखणारी, पण मारण्याचं काम पुरं करणारी: कॉम्प्लिमेंट. या कामाचा मोठा वाटा असलेल्या संशोधनासाठी बोर्डे यांना १९१९ चं नोबेल मिळालं. आजही आमच्या प्रयोगशाळेत सीरममधलं कॉम्प्लिमेंट बंद पाडायचं असेल तर आम्ही तो ५६ अंशांवर अर्धा तास ठेवतो.

कॉम्प्लिमेंटची तिसाहून अधिक प्रथिनं आहेत. विद्यार्थ्यांना त्यांची नावं पाठ करताना घाम फुटतो, पण या मुलीच्या गोष्टीसाठी एकच पुरेसं आहे: सी-थ्री. ते रक्तात भरपूर असतं, प्रत्येक मिलिलिटर सीरममध्ये एक मिलिग्रॅमच्या आसपास. ते तुटलं की त्याचा मोठा तुकडा, सी-थ्री-बी, क्षणभर विलक्षण चिकट होतो. त्या क्षणात शेजारी जो पृष्ठभाग सापडेल त्याला तो पक्क्या रासायनिक बंधाने चिकटतो. नाही सापडला तर पाण्याशी संयोग होऊन वाया जातो. भक्षक पेशींना सी-थ्री-बी पकडणारे ग्राही असतात. जंतूवर तो बसला की तो जंतू गिळण्यालायक झाला.

कॉम्प्लिमेंटच्या शेवटच्या टप्प्यात जंतूच्या पटलाला भोकं पाडणारी प्रथिनं तयार होतात, आणि पुस्तकांत त्यांचंच चित्र सगळ्यात मोठं छापतात. न्यूमोकोकसवर त्यांचा उपयोग होत नाही. त्याची पेशीभित्ती जाड आहे, तिथपर्यंत भोक पोहोचत नाही. मेंदुज्वर करणाऱ्या मेनिंगोकोकससारख्या पातळ भिंतीच्या जंतूंवर ती भोकं फार मोलाची आहेत. ज्यांच्यात ही शेवटची प्रथिनं जन्मतः नसतात, त्यांना मेनिंगोकोकसचा आजार पुन्हापुन्हा होऊ शकतो. न्यूमोकोकसच्या बाबतीत मात्र गिळलं जाणं हाच एक मार्ग.

आणि इथेच कॅप्सूलची खरी चलाखी दिसते. कॉम्प्लिमेंट कुणाच्या मदतीविनाही थोडं थोडं तुटत असतं, त्यामुळे सी-थ्री-बी न्यूमोकोकसच्या पेशीभित्तीवर बसतोही. पण भित्ती कॅप्सूलच्या खाली आहे. भक्षक पेशीचा ग्राही त्या जाड थरातून खाली पोहोचत नाही. सी-थ्री-बी आहे, पण चुकीच्या जागी आहे. तो कॅप्सूलच्या वर, बाहेरच्या कडेला बसायला हवा, आणि त्याला तिथे आणून बसवण्याचं काम कॅप्सूल ओळखणारी प्रतिपिंडंच नीट करू शकतात.

इथे प्रतिपिंडांच्या वर्गांचा प्रश्न येतो. वर्ग पाच आहेत, पण सगळ्यांची हजेरी घेत नाही. आयजीए नाकाघशाच्या ओलाव्यात काम करतं, आयजीई या गोष्टीत नाही, आयजीडीही बाजूला ठेवू. रक्तातली लढाई आयजीएम आणि आयजीजी यांची आहे. आयजीएम पाच एककांचं मोठं प्रथिन आहे. रक्तात ते सपाट तरंगतं, आणि जंतूच्या पृष्ठभागाला अनेक ठिकाणी चिकटलं की त्याचा मधला भाग वर उचलला जातो. कॉम्प्लिमेंटच्या पहिल्या प्रथिनाला, सी-वन-क्यूला, धरायची जागा तेव्हाच उघडी पडते. त्यामुळे चिकटलेला आयजीएमचा एकच रेणू पुढची सगळी साखळी सुरू करू शकतो. आयजीजीला तसं जमत नाही. त्याचे अनेक रेणू जवळजवळ बसले तरच सी-वन-क्यू पकड घेतं. मग आयजीएमच चांगलं, असं वाटेल. पण आयजीएम आकाराने मोठं म्हणून बहुतांशी रक्तवाहिन्यांतच राहतं, आणि आठवड्याभरात निम्मं उरतं. आयजीजी ऊतींमध्ये शिरतं, आईकडून नाळेतून बाळाकडे जातं, रक्तात त्याचं अर्धआयुष्य सुमारे तीन आठवडे असतं. शिवाय भक्षक पेशींना आयजीजी पकडणारे स्वतंत्र ग्राही आहेत, म्हणजे कॉम्प्लिमेंटशिवायही त्याला एक हात मिळतो.

आता पाणथरी. प्लीहा हा शब्द पुस्तकात, ओपीडीत सगळे पाणथरीच म्हणतात. तिथे रक्त अगदी मंद गतीने भक्षक पेशींच्या जाळीतून झिरपतं. म्हणून ज्या जंतूवर फारच थोडी प्रतिपिंडं किंवा थोडाच सी-थ्री-बी बसलाय, तोही तिथे पकडला जातो. यकृतातही भक्षक पेशी आहेत, त्यांची संख्याही मोठी, पण तिथे रक्त वेगाने वाहतं. यकृत जंतू पकडतं तो भरपूर लेप बसलेला. पाणथरीचं दुसरं काम करतात तिच्या कडेच्या पट्ट्यातल्या, प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशी. शर्करा पाहिली की कुणाची वाट न बघता त्या काही दिवसांत आयजीएम सोडतात. त्यांच्या अंगावर सी-थ्रीच्याच एका तुकड्याला, सी-थ्री-डीला, ओळखणारा ग्राही मोठ्या प्रमाणात असतो. म्हणजे कॉम्प्लिमेंट जंतूला फक्त गिळण्यालायक करत नाही, बी-पेशीला 'हे महत्त्वाचं आहे' असंही सांगतं. १९७४ मध्ये मार्क पेपिस यांनी नागाच्या विषातला एक घटक देऊन उंदरांच्या रक्तातलं सी-थ्री संपवलं, तेव्हा त्यांची प्रतिपिंडं तयार करण्याची क्षमताच घटली. मला हा प्रयोग फार आवडतो. मारण्याची यंत्रणा आणि आठवण ठेवण्याची यंत्रणा एकमेकींत किती गुंतल्या आहेत हे त्यात दिसतं.

सिकलसेलमध्ये पाणथरीच्या त्या मंद वाटांमध्येच पेशी विळ्यासारख्या वळून अडकतात. पुन्हापुन्हा रक्तपुरवठा तुटतो, आणि पाणथरी निकामी होत जाते. आफ्रिकी वंशाच्या मुलांत हे बहुधा पहिल्या वर्षातच सुरू होतं. आपल्याकडच्या अनेक मुलांत गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं, त्यामुळे पोट तपासताना पाणथरी जास्त काळ हाताला लागते, कधी चांगली वाढलेली असते. पण हाताला लागणारी पाणथरी काम करणारीच असेल असं नाही. हे कळायचा साधा उपाय म्हणजे रक्ताचा स्मिअर, काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला थेंब. तांबड्या पेशीत केंद्रकाचा उरलेला एक गोल जांभळा ठिपका दिसतो, हॉवेल-जॉली बॉडी. निरोगी पाणथरी असे ठिपके पेशीतून काढून टाकते. ते स्मिअरमध्ये दिसले म्हणजे गाळणी नीट चालत नाही. आजीच्या नातीच्या स्मिअरमध्ये ते होते.

म्हणजे या मुलीचं नुकसान दुहेरी. थोड्या लेपाचे जंतू पकडणारी जागा गेली, आणि पटकन आयजीएम देणाऱ्या बी-पेशींची जागाही गेली. आता सगळी भिस्त यकृतावर, आणि यकृताला जाड लेप हवा. जाड लेप म्हणजे कॅप्सूलविरुद्धचं भरपूर, घट्ट चिकटणारं आयजीजी. तिच्या लसीला नेमकं हेच करायचं आहे.

नुसती कॅप्सूलची शर्करा टोचून हे होत नाही. बी-पेशीला वर्ग बदलायला, अधिक घट्ट चिकटणारी प्रतिपिंडं घडवायला आणि स्मृतिपेशी मागे ठेवायला मदतनीस टी-पेशी लागते. टी-पेशी फक्त प्रथिनाचे तुकडे ओळखते, अशी शर्करा तिला दिसत नाही. त्यामुळे नुसत्या शर्करेच्या लसीने मुख्यतः आयजीएम आणि थोडं आयजीजी मिळतं, स्मृती जवळजवळ नाही. दोन वर्षांखालच्या बाळात तर तेवढंही नीट होत नाही, कारण पाणथरीतला तो कडेचा पट्टा अजून पिकलेला नसतो. आणि न्यूमोकोकसचा धोका सगळ्यात जास्त याच वयात.

यावरचा उपाय फार सुंदर आहे. शर्करेची साखळी एका प्रथिनाला रासायनिक बंधाने जोडायची. कॉन्जुगेट लस म्हणजे हेच. बरेचदा वापरतात ते प्रथिन म्हणजे घटसर्पाच्या विषाचं एक निरुपद्रवी रूप, सीआरएम-१९७. मूळ विषात फक्त एक अमिनो आम्ल बदललेलं, आणि विषारीपणा गेला. बी-पेशी शर्करेला ओळखून धरते, पण गिळते अख्खा जोड. आत प्रथिनाचे तुकडे होतात आणि ती ते पृष्ठभागावर मांडते. टी-पेशी ते तुकडे ओळखते आणि मदत देते, आणि ती मदत मिळते शर्करा ओळखणाऱ्या बी-पेशीला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या दहा प्रकारांच्या न्यूमोकोकल लसीतही सीआरएम-१९७ च आहे.

आजीच्या हातातल्या कार्डावर पीसीव्हीच्या, म्हणजे न्यूमोकोकसच्या कॉन्जुगेट लसीच्या, तीन नोंदी होत्या: सहा आठवडे, चौदा आठवडे, नऊ महिने. त्या प्रत्येकीच्या वेळी आत काय घडलं असेल ते मी मनात पाहत होते. पहिल्या सुईनंतर मांडीतला जोड जवळच्या लसिकाग्रंथीत पोहोचला. नेमकी शर्करा ओळखणाऱ्या मूठभर बी-पेशी सापडल्या, टी-पेशींची गाठ पडली, आठवड्याभरात थोडं आयजीएम आलं. त्याच वेळी काही बी-पेशी ग्रंथीतल्या जर्मिनल सेंटरमध्ये शिरल्या. तिथे त्या भराभर विभागतात आणि प्रतिपिंडाच्या जनुकात मुद्दाम चुका करत जातात. ज्यांचं प्रतिपिंड जास्त घट्ट बसतं त्यांना टी-पेशी जगवते, बाकीच्या मरतात. आयजीएमचा वर्ग आयजीजीत बदलतो. चौदा आठवड्यांच्या सुईने हा साठा वाढला. पुढचे पाचेक महिने बाहेरून काहीच दिसत नाही, आईकडून आलेलं आयजीजी ओसरतं, बाळाचं स्वतःचंही उतरत जातं, पण स्मृतिपेशी त्या काळात पिकत असतात. म्हणून नऊ महिन्यांची सुई एवढी महत्त्वाची. ती पिकलेल्या स्मृतिपेशींना उठवते, आणि आयजीजी पहिल्या दोन सुयांपेक्षा कितीतरी वर जातं. त्यातल्या काही पेशी अस्थिमज्जेत जाऊन बसतात आणि जंतू नसतानाही वर्षानुवर्षं प्रतिपिंडं सोडत राहतात. आयजीजी तीन आठवड्यांत निम्मं होतं, म्हणजे चार वर्षांनी रक्तात सापडणारं आयजीजी जुनं उरलेलं नसतं, अस्थिमज्जेत नुकतंच घडलेलं असतं.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात, आणि बरेचसे गैरसमज त्या एक मानल्यामुळे होतात. स्मृतिपेशी वेगळ्या, आणि रक्तात आत्ता हजर असलेलं आयजीजी वेगळं. स्मृतिपेशीला जंतू दिसला की तिला जागं होऊन, विभागून, प्रतिपिंडं रक्तात भरायला चार-पाच दिवस तरी लागतात. हिपॅटायटिस बीसारख्या आजारात विषाणूलाच आजार करायला कित्येक आठवडे लागतात, तिथे एवढा अवकाश पुरतो. न्यूमोकोकस पाणथरी नसलेल्या मुलाच्या रक्तात शिरला तर एक-दोन दिवसांत, कधी काही तासांत, जीव घेऊ शकतो. तिथे स्मृती उशिरा पोहोचते.

ब्रिटनने हे मेनिंगोकोकस-सीच्या लसीत पाहिलं. १९९९ च्या नोव्हेंबरपासून तिथे बाळांना दोन, तीन आणि चार महिन्यांना कॉन्जुगेट लस देऊ लागले. रोग झपाट्याने घटला. पण बाळपणीच लस घेतलेल्या मुलांमध्ये वर्षभरानंतर संरक्षण जवळजवळ उरलं नव्हतं. त्यांच्यात स्मृती होती, पुन्हा डोस दिला की प्रतिपिंडं भराभर वाढायची. पण खरा जंतू आला तेव्हा ती वेळेवर पोहोचत नव्हती, आणि रक्तातलं प्रतिपिंड ओसरलेलं होतं. २००६ मध्ये त्यांनी वर्षाच्या वयाला बूस्टर जोडला. आपल्या वेळापत्रकातल्या नऊ महिन्यांच्या डोसाकडे मी या अनुभवातूनच पाहते, आणि "दोन झाले, तिसरा राहिला तरी चालतं" असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही.

प्रतिपिंड आहे का, हे मोजणं सोपं आहे. ते काम करतं का, हे पाहणं कठीण, आणि त्याची चाचणी मला या विषयातली सगळ्यात प्रामाणिक वाटते. लस घेतलेल्याचा सीरम ५६ अंशांना तापवून त्याचं स्वतःचं कॉम्प्लिमेंट बंद करतात. मग त्यात ठरावीक प्रकारचा जिवंत न्यूमोकोकस, सशाच्या पिल्लाचं ताजं कॉम्प्लिमेंट आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या भक्षक पेशी घालतात. थोड्या वेळाने प्लेटवर पसरवून किती जंतू जगले ते मोजतात. जंतू निम्म्यावर आणण्यासाठी सीरम किती पातळ केला तरी चालतो, तो आकडा म्हणजे उत्तर. बोर्डे यांनी वेगळ्या केलेल्या दोन गोष्टी इथे पुन्हा एकत्र आणाव्या लागतात. आयजीजीच्या साध्या मोजणीत ०.३५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर हा आकडा वापरतात, पण तो नव्या लसींची तुलना करण्यासाठी, बाळांच्या गटासाठी ठरवलेला आहे. एखाद्या मुलाचा रिपोर्ट हाती धरून 'हिला आता भीती नाही' असं त्यावरून सांगता येत नाही. पाणथरी थकलेल्या मुलीला तर मुळीच नाही.

आजीला मी एवढं सगळं सांगितलं नाही. म्हटलं, "आजी, लसीने दहा जातींच्या जंतूंसाठी हिचं रक्त तयार केलं. पण त्या जंतूच्या जाती नव्वदच्या वर आहेत. आणि जंतू धरायची हिची पाणथरी थकली आहे. लसीबाहेरचा एखादा आला तर तो वाढायच्या आत गोळीने मारायचा." पेनिसिलीनचा हा उपयोग अंदाजावर उभा नाही. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीत सिकलसेलच्या तीन वर्षांखालच्या मुलांना रोज दोनदा पेनिसिलीन किंवा दिसायला तशीच निष्प्रभ गोळी दिली. पेनिसिलीनच्या १०५ मुलांपैकी २ जणांना न्यूमोकोकसचा गंभीर संसर्ग झाला, दुसऱ्या गटातल्या ११० पैकी १३ जणांना, आणि त्यातली ३ मुलं दगावली. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी वेळेआधी थांबवली. तेव्हापासून वयाच्या निदान पाच वर्षांपर्यंत ही गोळी देतात.

"आन् ताप?" आजीने विचारलं. ताप १०१ च्या वर गेला तर घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहायची नाही, त्याच रात्री दवाखाना गाठायचा, रक्ताचं कल्चर आणि शिरेतून अँटिबायोटिक. गोळीला न जुमानणारे न्यूमोकोकस आहेत, दिवसातून एखादी गोळी चुकतेही. आजी गावाहून कशी येणार, हे मी विचारलं. मुलाची मोटारसायकल आहे, म्हणाली, आणि तालुक्याला ग्रामीण रुग्णालय. तिथल्या डॉक्टरांना दाखवायला मी कार्डाच्या मागे लिहून दिलं: सिकलसेल, एसएस, स्मिअरमध्ये हॉवेल-जॉली.

नातीला दोन वर्षं झाली की तेवीस प्रकारांची नुसत्या शर्करेची लस द्यायची आहे, शेवटच्या पीसीव्हीनंतर निदान आठ आठवड्यांनी, आणि तिच्यानंतर पाच वर्षांनी पुन्हा एकदा. क्रम महत्त्वाचा आहे. आधी कॉन्जुगेट दिलेली असेल तर सामाईक प्रकारांसाठी स्मृतिपेशी तयार असतात, आणि जास्तीचे प्रकार शर्करेची लस थोड्या काळासाठी तरी झाकते. नुसती शर्करा आधी किंवा वारंवार दिली तर ती होत्या त्या बी-पेशींना प्रतिपिंडं सोडायला लावून संपवते, मागे नव्या ठेवत नाही, आणि पुढच्या डोसाला प्रतिसाद कमी येतो.

नातीची मला त्या दिवशी तेवढी काळजी वाटली नाही. तिचं कार्ड भरलेलं होतं. काळजी वाटली ती तिच्या शेजारी बाकावर बसलेल्या दहा-अकरा वर्षांच्या तिच्या चुलतभावाची. तोही एसएस, म्हणजे आईवडील दोघांकडूनही सिकलसेलचं जनुक आलेला. पीसीव्ही सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून काही राज्यांत आली आणि देशभर पोहोचली २०२१ मध्ये. त्याच्या कार्डावर ती ओळच छापलेली नव्हती. विदर्भात त्याच्या वयाची अशी सिकलसेलची मुलं शाळाशाळांत आहेत, आणि पाच वर्षांची झाल्यावर त्यांचं पेनिसिलीनही बहुधा थांबलेलं असतं. या वयात कॉन्जुगेटचा एक डोसही पुरतो, कारण बी-पेशी आता बाळाच्या राहिलेल्या नसतात, आणि त्यानंतर आठ आठवड्यांनी तेवीस प्रकारांची लस. त्याच्या केसपेपरवर मी बालरोगतज्ज्ञांसाठी तेवढंच लिहिलं, आणि आजीला म्हटलं, पुढच्या वेळी यालाही बरोबर आणा.